नारिंगी डायलचं सिको ५: डुप्लिकेट, की जुन्या घड्याळाला नवा रंग?

*दादा नमस्कार. माझे बाबा पुढच्या महिन्यात साठ वर्षांचे होतायत. ८५ साली मामांनी दुबईहून आणलेलं त्यांचं सिको ५ प्रवासात हरवलं, अजून त्याची आठवण काढतात. म्हणून मी ऑनलाइन एक सिको ५ मागवलं, ४,२०० रुपये. विकणाऱ्याने 'जुनं पण न वापरलेलं, ओरिजिनल जपान' असं लिहिलं होतं. नारिंगी डायल आहे, एकदम नवीन दिसतं. भावाने बघितल्या बघितल्या डुप्लिकेट म्हणून सांगितलं. डायलचा फोटो पाठवतेय. हे खरंच सिको आहे का, आत कुठलं मशीन असेल, आणि ठेवू की परत करू? परत करायला पाच दिवस आहेत.*
*— एक वाचक, सांगली*

ताई, दिवस कमी आहेत म्हणून उत्तर आधी देतो. परत करा. पण भाऊ म्हणतो तसं ते डुप्लिकेट आहे असं मला वाटत नाही. फोटोवरून माझा अंदाज असा आहे की आतलं मशीन सिकोचंच आहे, बॉडीही बहुतेक सिकोचीच आहे, फक्त डायल पुन्हा रंगवलेलं आहे आणि काटे बदललेले आहेत. याला आपल्याकडे रिडायल म्हणतात. आणि हा प्रकार आपल्याकडून इतका बाहेर गेलाय की परदेशातले घड्याळ गोळा करणारे लोक अशा सिको ५ ला सरळ 'मुंबई स्पेशल' म्हणतात. परत करायचं ते यासाठी की 'न वापरलेलं, ओरिजिनल' हे जे लिहून विकलंय ते खरं नाही.

डुप्लिकेट आणि रिडायल यात खूप फरक आहे, तो आधी नीट सांगतो, कारण फोटोत काय शोधायचं ते त्याच्यावरच ठरतं. डुप्लिकेट म्हणजे सिकोशी काहीच संबंध नसलेलं घड्याळ, नाव तेवढं छापलेलं, आत भलतंच मशीन. रिडायल म्हणजे खरं जुनं घड्याळ, ज्याच्या डायलवर पाणी गेलं, डाग पडले, पापुद्रे निघाले, मग कुणीतरी ते डायल घासून त्याच्यावर नवा रंग मारला आणि नाव परत छापलं. आपल्या पावसाळ्यात हे व्हायचंच. मागच्या झाकणाखाली रबराची रिंग असते, ती वीस-तीस वर्षांत कडक होते, मग घाम आणि दमट हवा आत जाते आणि सगळ्यात आधी खराब होतं ते डायल. मशीन मात्र चालू राहतं. त्यामुळे जुन्या सिकोत मशीन खरं आणि तोंड रंगवलेलं असं घड्याळ तुम्हाला ठार खोट्या घड्याळापेक्षा जास्त वेळा भेटेल. खोटं बनवणाऱ्याला एवढ्या स्वस्त जुन्या मॉडेलमध्ये फार काही सुटत नाही, रंगवणाऱ्याला सुटतं.

आता तुमचा फोटो. मी तो मोठा करून बराच वेळ बघितला, त्याच क्रमाने सांगतो.

पहिल्यांदा मी नाव वाचतच नाही, मांडणी बघतो. नाव काय, कुणीही छापतो. तुमच्या घड्याळात वार आणि तारीख ३ च्या जागी एकाच खिडकीत शेजारी शेजारी आहेत, आणि चावी ३ ला नसून ४ ला आहे, बॉडीत थोडी आत बसलेली. ही सिको ५ ची जुनी ओळख आहे. १९६३ साली सिकोने ही मालिका काढली तेव्हा ५ म्हणजे पाच गोष्टी असं सांगितलं होतं: ऑटोमॅटिक मशीन, वार-तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून बचाव, ४ ला आत बसवलेली चावी आणि दणकट बॉडी-पट्टा. चावी ४ ला का, तर या घड्याळाला रोज चावी द्यायची गरजच नाही, हातात घातलं की आपोआप भरतं, त्यामुळे चावी बाजूला लपवली तरी चालते. म्हणजे चावीची जागा बघूनच आतल्या मशीनचा अंदाज येतो. डुप्लिकेट बनवणारे जे सरसकट मशीन वापरतात त्यात चावी ३ ला येते आणि मग ती ४ ला दाखवायची तर सगळी मांडणी फिरवावी लागते, वार-तारखेची खिडकी वाकडी नाहीतर भलतीकडे जाते. तुमच्या फोटोत खिडकी सरळ ३ ला आणि चावी ४ ला, दोन्ही जिथल्या तिथे आहेत. मी डुप्लिकेट नाही म्हणतोय त्याचं हे पहिलं कारण.

दुसरं कारण खिडकीच्या आत आहे. फोटोत शनिवार दिसतोय आणि तो निळ्या अक्षरात आहे. सिकोच्या वाराच्या चकतीवर बहुतेक वेळा शनिवार निळा आणि रविवार लाल असतो. आणि ती चकती पांढरी नाही राहिलेली, साबुदाण्याच्या पापडासारखी पिवळट झालीय, कडेला एक बारीक तपकिरी ठिपका पण आहे. हीच खूण मला सगळ्यात जास्त बोलकी वाटली. कारण चकती आणि डायल एकाच बंद डबीत, एकमेकांपासून मिलिमीटरभर अंतरावर सगळी वर्षं राहिलेले असतात. चकती एवढी पिकलेली आणि डायल काल सुकल्यासारखं चकचकीत, असं होऊच शकत नाही. चकती खरी जुनी आहे, म्हणजे डायल नंतरचं आहे. न वापरलेल्या घड्याळात दोन्ही सारखेच दिसले असते, दोन्ही नवे नाहीतर दोन्ही जुने.

मग अक्षरं. सिको हे नाव कंपनीच्या डायलवर एकतर धातूची अक्षरं वेगळी बसवून लिहिलेलं असतं, नाहीतर छापलेलं असतं, आणि छापलेलं असेल तर ते फार बारकाईने छापतात, कडा चाकूने कापल्यासारख्या. तुमच्या डायलवर ते छापलेलं आहे आणि फोटो मोठा केल्यावर इंग्रजी ई च्या तीन आडव्या रेघांमधली जागा शाईने भरत आलीय. एसचं वरचं टोक जाड, खालचं बारीक. खालची ५ ची ढाल डावीकडे किंचित कललीय. कारखान्यातून असं घड्याळ बाहेर पडत नाही, सिको ५ स्वस्त होतं पण ढिसाळ कधीच नव्हतं.

मिनिटांच्या रेघा पण बघा. १२ पाशी रेघ बरोबर खुणेच्या मध्यावर येते, पण ४ आणि ५ पर्यंत जाईतो ती हळूहळू सरकते आणि ५ च्या खुणेच्या एका कडेला जाऊन टेकते. तासांच्या धातूच्या खुणांना मागे बारीक पाय असतात, ते डायलच्या भोकांत बसतात, त्यामुळे खुणा जुन्याच जागी राहिल्या. रेघा मात्र नव्याने छापल्या आणि छापताना डायल केसभर फिरलं. (इथे एक सांभाळा: फोन अगदी जवळ नेऊन फोटो काढला तर कडेच्या रेघा भिंगामुळेच वाकड्या दिसतात. म्हणून फोन वीतभर लांब धरायचा आणि झूम करून काढायचा. तुमच्या फोटोत डावी बाजू सरळ आहे आणि उजवीच सरकलीय, म्हणून मी भिंगाला दोष देत नाही.)

काट्यांवर आणि खुणांवर रेडियम दिसत नाही. आपण रेडियम म्हणतो, खरं ते रेडियम नसतं, पण अंधारात चमकणारा तो लेप जुना झाला की मळकट पिवळा नाहीतर हिरवट होतो. तुमच्या काट्यांना मध्ये खाच आहे, म्हणजे तिथे लेप असायला हवा होता, आणि ती खाच रिकामी आहे. रंगवणारे बहुतेक हा लेप परत लावत नाहीत, वेळ जातो आणि ते जमायला कसब लागतं.

रंगाचं मात्र मी पुरावा म्हणून धरत नाही. नारिंगी दिसलं की लोक लगेच रिडायल म्हणतात, पण सिकोने स्वतः नारिंगी डायलची घड्याळं काढलेली आहेत, डायव्हर घड्याळांत तर तो रंग प्रसिद्धच आहे. भडक रंग दिसला की जास्त बारकाईने बघायचं, इतकंच.

आता मशीन. डायलच्या अगदी खालच्या कडेला, ६ च्या आजूबाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात एक नंबर असतो. चार आकडे, मग आडवी रेघ, मग अजून चार अक्षरं-आकडे. पहिले चार म्हणजे मशीनचा नंबर. जुन्या सिको ५ मध्ये तिथे ७००९ फार वेळा दिसतं, आणि ९६ सालानंतरच्या घड्याळांत ७एस२६. तुमच्या डायलवर तो नंबर नाहीच. तिथे नुसतं जपान लिहिलंय, तेही जाड अक्षरात. रंगवताना इतकं बारीक छापणं जमत नाही म्हणून ते गाळतात, किंवा एकच साचा दहा वेगवेगळ्या मॉडेलांना वापरतात आणि मग नंबर असला तरी भलत्याच मशीनचा असतो. म्हणून तुमचं मशीन डायलवरून छातीठोकपणे सांगता येणार नाही, मागचं झाकण बघावं लागेल, ते पुढे सांगतो.

पण डायलवर एक गोष्ट लिहिलीय ती कामाला येईल. खाली २१ ज्वेल्स असं छापलंय. ज्वेल म्हणजे मशीनमध्ये चाकांच्या टोकांना जे लाल खडे बसवतात ते, झीज होऊ नये म्हणून. ७००९ए मशीनमध्ये १७ खडे असतात. ७एस२६ मध्ये २१. म्हणजे मागे ७००९ निघालं तर तुमचं डायल स्वतःच्याच मशीनबद्दल चुकीचं सांगतंय, आणि कंपनी असं कधी करणार नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी मी स्वतः एका दुकानातून निळ्या डायलचं सिको ५ घेतलं होतं, डायलवर असंच २१ लिहिलेलं, दुकानदाराने सगळं ओरिजिनल म्हणून शपथेवर सांगितलं. घरी येऊन झाकण उघडून घेतलं तर आत ७००९ए, १७ खडे. परत द्यायला गेलो तर म्हणाला मशीन तर सिकोचंच आहे ना. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण मी त्याला डायलचेच पैसे जास्त दिले होते. तेव्हापासून आधी खड्यांचा आकडा मागच्या नंबरशी ताडून बघतो, मगच बाकीचं.

हे झालं फोटोतलं. घड्याळ तुमच्या हातात आहे, तेव्हा न उघडता करता येतील अशा दोन-तीन गोष्टी करा. एक सांभाळा, रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात या मशीनमध्ये वार-तारखेची चाकं आपोआप बदलायच्या तयारीत एकमेकांत अडकलेली असतात, तेव्हा चावीने तारीख फिरवली तर दात तुटू शकतो. आणि यात घड्याळात दिसणारी वेळ धरायची, बाहेरची नाही. म्हणून आधी काटे साडेसहावर आणायचे, मग बाकीचं.

चावी आत दाबलेली असताना फिरवून बघा. ७००९ आणि ७एस२६ दोन्हीत काही होत नाही, हाताने भरता येतच नाही, चावी मोकळी फिरते. मग एक क्लिक बाहेर ओढा. एका बाजूला फिरवलं की तारीख बदलेल, उलट्या बाजूला वार. वार फिरवताना नीट बघा, एक इंग्रजीत येईल, मग तोच दुसऱ्या भाषेत, मग पुढचा इंग्रजीत. सिकोच्या या चकतीवर दोन भाषांत मिळून चौदा वार असतात. दुसरी भाषा कुठलीही असू शकते, घड्याळ कुठल्या देशात विकायला गेलं होतं त्याच्यावर. तुमच्या मामांनी आणलं तसं आखातातलं असेल तर अरबी निघायचा संभव आहे. स्वस्त डुप्लिकेटमध्ये इतकं कुणी करत बसत नाही, एकाच भाषेत सात वार येतात, किंवा वार चिकटवलेलाच असतो आणि हलतच नाही.

मग चावी अजून एक क्लिक ओढा, म्हणजे वेळ लावायची जागा. सेकंद काटा थांबतो का? या दोन्ही मशीनमध्ये थांबत नाही, चालतच राहतो. थांबला, आणि वर चावी फिरवून घड्याळ भरताही आलं, तर आत जुनं ७००९ नाही, नंतरचं किंवा दुसऱ्याच कुणाचं मशीन आहे. आणि चावीचं पहिलं क्लिक ओढायच्या ऐवजी आत दाबल्यावर तारीख बदलत असेल तर ते त्याच्याही आधीच्या काळातलं ६११९ असू शकतं, ते चांगलंच मशीन आहे, घाबरू नका.

सेकंद काट्याचा फोनवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. फोटोत हे कळत नाही, व्हिडिओत लगेच कळतं. ही मशीन्स तासाला २१,६०० ठोके देतात. तासाचे सेकंद ३,६००, म्हणजे सेकंदाला सहा ठोके. काटा एका सेकंदात सहा छोट्या उड्या मारताना दिसायला हवा. सेकंदाला एकच उडी मारून थांबत असेल तर आत सेलचं मशीन आहे, आणि डायलवर ऑटोमॅटिक लिहिलेलं असताना असं निघालं तर भावाचं म्हणणं खरं आणि माझं चूक, सरळ डुप्लिकेट. कानाजवळ धरून हलकेच डोलवलं तर आत वजन फिरल्याचा मऊ आवाज पण यायला हवा. ते अर्धगोल वजन, रोटर, हात हलला की फिरतं आणि स्प्रिंग भरतं. सिकोची गंमत अशी की ते कुठल्याही बाजूला फिरलं तरी भरतं, मॅजिक लिव्हर म्हणून एक साधी युक्ती त्यांनी १९५९ मध्ये काढली, दोन बोटांच्या चिमट्यासारखी, ती आजही त्यांच्या मशीनमध्ये वापरतात. मला ती रचना फार आवडते, इतक्या कमी भागांत इतकं काम.

आता मागचं झाकण. उलटं करून खिडकीच्या उजेडात तिरकं धरा, अक्षरं छापलेली नसतात, ठोकलेली किंवा कोरलेली असतात, नखाला लागतात. तिथे परत तोच चार-चारचा नंबर असेल, उदाहरणार्थ ७००९-८७६ए. तो गुगलवर असा टाका: `Seiko 7009-876A` आणि फोटो बघा. एकाच बॉडीत कंपनीने कुठले रंग काढले होते, नावाची अक्षरं कशी होती, धातूची की छापील, हे लगेच समोर येतं. एक घोटाळा मात्र करू नका. मागचे शेवटचे चार आणि डायलवरचे शेवटचे चार जुळलेच पाहिजेत असं नाही, बॉडीला वेगळा नंबर आणि डायलला वेगळा. सिकोच्या एसकेएक्स००७ या प्रसिद्ध घड्याळात मागे ७एस२६-००२० आणि डायलवर ७एस२६-००२९ असतं, आणि ते अगदी बरोबर आहे. जुळायला हवेत ते पहिले चार. कितीतरी लोक हे माहीत नसल्यामुळे चांगली घड्याळं डुप्लिकेट म्हणून परत करतात.

झाकणावर अजून एक सहा आकडी नंबर असतो. त्यातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना, आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी आकड्याऐवजी अक्षर. म्हणजे सुरुवात ५४ अशी असेल तर ५ ने संपणाऱ्या वर्षातला एप्रिल. कुठलं दशक ते तो नंबर सांगत नाही, ते मशीनवरून काढायचं. ७००९ सत्तरच्या दशकापासून बरीच वर्षं बनत होतं, त्यामुळे कधी कधी दोन वर्षांत शंका राहते. पण ७००९ आणि ५ असं आलं तर ते ८५ सालचं असायची चांगली शक्यता आहे, म्हणजे बाबांच्या घड्याळाच्याच वयाचं. झाकणावर यातलं काहीच नसेल, नुसतं गुळगुळीत, किंवा अक्षरं लेझरने वरवर जाळल्यासारखी राखाडी दिसत असतील, तर झाकण बदललंय आणि मग संशय वाढतो. आणि नंबर घासून पुसट झाले असतील तर बॉडी पॉलिश केलीय, कडा गोल झाल्यात का ते बघा. न वापरलेल्या घड्याळाच्या कडा बोटाला टोचतात.

झाकण उघडू नका एवढं ऐका. घड्याळजीकडे नेऊन रोटरवरचा नंबर बघायचा मोह होईल, आणि शेवटचा पुरावा तोच असतो हे खरं, पण परत करायच्या मुदतीत उघडलं आणि कडेला एक ओरखडा पडला की विकणारा तेच धरून बसेल. वरच्या तपासण्या आणि फोटो पुरेसे आहेत.

परत करताना 'डुप्लिकेट आहे' असं अजिबात लिहू नका. तो म्हणेल मशीन सिकोचं आहे, उघडून दाखवा, आणि त्यात तो बरोबर ठरेल आणि तुमचे दिवस जातील. लिहायचं असं: जाहिरातीत न वापरलेलं आणि ओरिजिनल म्हटलं होतं, डायल पुन्हा रंगवलेलं आहे, काटे बदललेले आहेत, वर्णनाप्रमाणे वस्तू नाही. सोबत तीन फोटो: पिवळी चकती आणि चकचकीत डायल एकत्र दिसेल असा जवळचा, नावाच्या अक्षरांचा, आणि मागच्या नंबरचा. मागे ७००९ निघालं तर २१ ज्वेल्स लिहिलेल्या भागाचा पण एक जोडा, हा मुद्दा कुणालाच खोडता येत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, नंतर ते मजकूर बदलतात.

आणि समजा विकणारा म्हणाला की ठेवा, थोडे पैसे परत देतो. मी स्वतः रिडायल घड्याळाला वाईट म्हणत नाही, कितीतरी जणांच्या हातात ती वर्षानुवर्षं चालतात, आणि रोज घालायला मशीन चांगलं असलं की झालं. पण मग ते रिडायल म्हणूनच, रिडायलच्या भावात घ्यायचं. वर सर्व्हिसिंग धरायचं, कारण आतलं तेल सुकलेलं असणार, आणि रबराची रिंग बदलून घ्यायची. पाणी लागू द्यायचं नाही. तुमच्या बाबतीत मात्र मला ते पटत नाही, कारण तुम्ही घड्याळ नुसतं वेळ बघायला नाही घेत आहात. बाबांच्या मनात चाळीस वर्षांपूर्वीचं एक ठराविक डायल आहे. ते नारिंगी होतं का? मला नाही वाटत. तुम्ही त्यांना काही न सांगता मामांना विचारा, किंवा घरात ८५ ते ९० मधले लग्नाकार्याचे अल्बम असतील ते काढा, बाबांचं मनगट कुठे ना कुठे दिसेलच. डायल फिकं की गडद, खुणा दांड्यांसारख्या की गोल, पट्टा चामड्याचा की स्टीलचा, एवढं कळलं तरी पुरे.

मग तसं शोधा, आणि शोधताना चकचकीत डायलवाली सगळी बाजूला ठेवा. जरा पिवळटलेलं, कडेला एखादा डाग असलेलं, खाली तो मुंगीएवढा नंबर शाबूत असलेलं, आणि काट्यांतलं रेडियम डायलवरच्या रेडियमइतकंच मळलेलं, असं बघा. ते फोटोत कमी सुंदर दिसेल, विकायलाही कित्येकदा मागे पडलेलं असतं. विकणाऱ्याकडून घ्यायच्या आधी चार गोष्टी मागा: डायलचा उजेडातला फोटो, मागच्या झाकणाचा, झाकण उघडून मशीनचा, आणि सेकंद काट्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ. खरं घड्याळ असलेला माणूस झाकण उघडलेला फोटो द्यायला फारसा का कू करत नाही.

अल्बममधला फोटो सापडला तर मला नक्की पाठवा, मनगट कितीही छोटं दिसत असलं तरी. चावी कुठे आहे आणि खिडकी कुठे आहे एवढं दिसलं तरी मॉडेलच्या बरंच जवळ जाता येईल.